चकचकीत स्टीलच्या वाफेच्या पाइपवर टेंपरेचर गन निम्मेच तापमान का दाखवते, आणि त्यावर काय करावे

आंब्याच्या रसावर प्रक्रिया करणाऱ्या कोकणातील एका कारखान्यात मी देखभालीचे काम पाहतो. रस तापवण्यासाठी आमच्याकडे वाफेचे जॅकेट असलेल्या स्टेनलेस स्टीलच्या केटल आहेत. जॅकेटमध्ये वाफ रसाला उष्णता देते, तिचे पाणी होते आणि ते पाणी तळाच्या पाइपमधून कचरा अडवणाऱ्या जाळीच्या स्ट्रेनरमार्गे आणि वाफ अडवून फक्त पाणी सोडणाऱ्या स्टीम ट्रॅपमार्गे बाहेर पडते. ट्रॅप तुंबला तर पाणी जॅकेटमध्येच साचते आणि केटल नीट तापत नाही. म्हणून ट्रॅपच्या अलीकडच्या पाइपचे तापमान दर पाळीत इन्फ्रारेड थर्मामीटरने, म्हणजे आम्ही ज्याला सरसकट टेंपरेचर गन म्हणतो त्या उपकरणाने, मोजून वहीत लिहिण्याची पद्धत आहे. या पद्धतीमुळेच एक तक्रार दर हंगामात पुन्हा पुन्हा येत राहिली आणि तिच्यापायी दोन चांगले ट्रॅप विनाकारण बदलले गेले.

तक्रार अशी होती. वाफेच्या गेजवर ३ किलो दाब होता. या दाबाला संपृक्त वाफेचे तापमान सुमारे १४३ अंश सेल्सियस असते, त्यामुळे ट्रॅपच्या अलीकडचा उघडा पाइप बाहेरून १४० च्या आसपास असायला हवा. गन मात्र ६४ अंश दाखवत होती. एवढे कमी तापमान म्हणजे पाइपमध्ये थंड पाणी साचले आहे, ट्रॅप ब्लॉक झाला आहे, असा निष्कर्ष निघाला. ट्रॅप खोलून पाहिला तर आत कचरा नव्हता. तरीही खबरदारी म्हणून नवा बसवला, वाफ सोडली, आणि फिटर पुन्हा मोजून आला. "साहेब, ट्रॅप नवा बसवला तरी गन चौसष्टच दाखवतेय," एवढेच तो म्हणाला. त्या पाळीत पुन्हा एक ट्रॅप बदलला गेला आणि आकडा तसूभरही हलला नाही.

चूक ट्रॅपमध्ये नव्हती. गनही बिघडलेली नव्हती. गनमध्ये उत्सर्जकता, म्हणजे पृष्ठभाग त्याच तापमानाच्या आदर्श काळ्या पृष्ठभागाच्या तुलनेत किती उष्णताकिरणे सोडतो ते प्रमाण, ०.९५ अशी ठेवलेली होती आणि ज्यावर ती रोखली जात होती तो पाइप आरशासारखा चकचकीत होता.

आधी ही तक्रार ओळखावी कशी

दुरुस्तीला हात घालण्याआधी काही खुणा पाहाव्यात, कारण खरोखर तुंबलेला ट्रॅप आणि चुकीचे रीडिंग या दोन्हींचा आकडा वहीत सारखाच दिसतो.

पहिली खूण आमच्या डोळ्यांसमोर होती आणि आम्ही तिच्याकडे लक्ष दिले नाही. चकचकीत पाइपनंतर दोन वितींवर बिडाचा स्ट्रेनर आहे. त्याच्यावर गंजाचा तांबूस थर आहे. त्याच वेळी, त्याच गनने, त्या स्ट्रेनरवर १२८ अंश दिसत होते. पाणी पाइपमधून स्ट्रेनरकडे जाते. ६४ अंशांचे पाणी पुढच्या दोन वितींत, मध्ये कोणतीही उष्णता न मिळता, १२८ अंशांचे होऊ शकत नाही. प्रवाहाच्या दिशेने तापमान चढताना दिसले आणि चढणारा भाग गंजलेला, रंगवलेला किंवा काळवंडलेला असला, तर संशय आधी रीडिंगवर घ्यावा.

दुसरी खूण वहीतच होती. सकाळच्या पाळीत आकडा ६० ते ६५ आणि संध्याकाळी ९० ते ९५ असा दिसे, आणि दिवसभर चालून ट्रॅप मोकळा होतो असा त्याचा अर्थ लावला जाई. प्रत्यक्षात रोज सकाळी केटल व खालचे पाइप धुतले जात, आणि दिवसभरात रसाचे शिंतोडे उडून पाइपवर वाळत. वाळलेला रस पाइपच्या धातूपेक्षा कितीतरी चांगला उत्सर्जक असतो, त्यामुळे पाइप जितका मळे तितका आकडा खऱ्याच्या जवळ सरके. धुतल्यावर तापमान पडते आणि मळल्यावर चढते, अशी नोंद जिथे दिसेल तिथे ट्रॅपला बोल लावू नये.

तिसरी खूण जागेवर अर्ध्या मिनिटात तपासता येते. गन त्याच बिंदूवर रोखून आपण उभे राहण्याची जागा थोडी बदलावी, किंवा पाइपशेजारी एखादी गरम वस्तू धरून परत काढावी. आकडा दहा-पंधरा अंशांनी हलला, तर गनला पाइपऐवजी पाइपमध्ये दिसणारे भोवतालचे प्रतिबिंब दिसते आहे. मळक्या, रंगवलेल्या किंवा गंजलेल्या पृष्ठभागावर अशा हालचालीने फरक जवळजवळ पडत नाही.

आणि या सगळ्याहून साधी गोष्ट म्हणजे केटलचे काम. आमच्या केटलला प्रत्येक बॅच तापवायला मागच्या हंगामाइतकाच वेळ लागत होता. जॅकेटमध्ये पाणी साचले असते तर तो वेळ वाढलाच असता.

गन बरोबर आहे हे कसे कळले, आणि ती तपासणी फसवते कुठे

गनची शंका फेडण्यासाठी आमच्या एका सहकाऱ्याने कारखाना बंद असताना तोच पाइप मोजला. गनने ३२ अंश दाखवले, खोलीतील थर्मामीटरनेही ३२ दाखवले, आणि गन उत्तम असल्याचा निर्वाळा मिळाला. ही तपासणी चकचकीत धातूसाठी निरुपयोगी आहे, हे मी इथे ठासून सांगतो. वस्तू आणि भोवताल यांचे तापमान सारखेच असते तेव्हा पृष्ठभाग स्वतः कमी उत्सर्जन करतो, पण जितके कमी करतो तितकेच भोवतालचे परावर्तित करून भरून काढतो. त्यामुळे उत्सर्जकता काहीही ठेवली तरी आकडा बरोबर येतो. चूक दिसायला वस्तू भोवतालापेक्षा बरीच गरम किंवा बरीच थंड असावी लागते.

गनचीच परीक्षा घ्यायची असेल तर बारीक केलेला बर्फ आणि थोडे पाणी पसरट भांड्यात चांगले ढवळावे आणि जवळून सरळ वरून मोजावे. पाणी व बर्फ यांची उत्सर्जकता ०.९५ च्या जवळच असते, त्यामुळे आकडा शून्याच्या एक-दोन अंशांत आला पाहिजे. उकळत्या पाण्यावर ही परीक्षा घेऊ नये, कारण वाफ गनच्या भिंगावर जमते आणि मधल्या हवेतही आडवी येते. वातानुकूलित कार्यालयातून आणलेली गन थेट बॉयलरजवळ वापरू नये. तिला त्या जागेत वीस-तीस मिनिटे तशीच ठेवून मग वापरावी. आमची गन बर्फाच्या परीक्षेत उतरली.

गनला नेमके काय दिसते

हातात धरायच्या बहुतेक गन ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीची अवरक्त किरणे मोजतात. त्यांच्या भिंगात दोन वाटा एकत्र येतात. एक वाटा वस्तूने स्वतःच्या तापमानामुळे सोडलेला, आणि दुसरा वस्तूवरून परावर्तित होऊन आलेला भोवतालचा. अपारदर्शक पृष्ठभागाची उत्सर्जकता जितकी कमी, तितके परावर्तन जास्त. हिशेबापुरते ते असे लिहिता येते. यात S म्हणजे गनला मिळणारी किरणे, ε म्हणजे उत्सर्जकता, T म्हणजे वस्तूचे आणि Tref म्हणजे भोवतालचे तापमान. तापमान केल्विनमध्ये, म्हणजे सेल्सियसमध्ये २७३ मिळवून घ्यायचे आहे.

```
S = ε × T⁴ + (1 − ε) × Tref⁴
```

हे सूत्र सर्व तरंगलांबींच्या एकूण उत्सर्जनाचे आहे. गनचा पट्टा मर्यादित असल्यामुळे प्रत्यक्ष आकडा दोन-चार अंशांनी वेगळा येऊ शकतो, पण दोष किती मोठा आहे हे समजायला ते पुरेसे आहे.

आमच्या पाइपचा हिशेब करून पाहू. पाइप १४० अंश, म्हणजे ४१३ केल्विन. भोवताल ३२ अंश, म्हणजे ३०५ केल्विन. चकचकीत स्टेनलेस स्टीलची उत्सर्जकता ०.२० धरू. त्याच तापमानाचा आदर्श काळा पृष्ठभाग जेवढी किरणे सोडेल त्यांचा फक्त पाचवा हिस्सा पाइप सोडतो, आणि गनला मिळणाऱ्या एकूण किरणांत निम्म्याहून अधिक भाग भोवतालच्या भिंतींचा असतो. गन मात्र ही सारी किरणे ०.९५ उत्सर्जकतेच्या पृष्ठभागाकडून आली असे समजून उलटा हिशेब करते, आणि उत्तर येते ३३७ केल्विन, म्हणजे ६४ अंश. वहीतला आकडा तोच होता. स्ट्रेनरच्या गंजाची उत्सर्जकता ०.८० धरली तर याच हिशेबाने १२८ अंश येतात. म्हणजे एकच तापमान दोन पृष्ठभागांवर दोन आकडे देत होते. तिथे ट्रॅपचा संबंध नव्हता.

उत्सर्जकता ०.२० ठेवली तर काम होईल का

हा उपाय सर्वांत आधी सुचतो आणि गनमध्ये तशी सोय असेल तर क्षणात करताही येतो. काही गनांत `EMS` किंवा `ε` या नावाने ती सोय असते. आम्हीही ते करून पाहिले. एका केटलवर आकडा १५७ आला, जो वाफेच्या तापमानापेक्षाही जास्त होता, आणि शेजारच्या केटलवर १२० आला. दोन्ही पाइप एकाच दाबावर होते.

असे का होते हे समजून घेणे फार गरजेचे आहे. तक्त्यात स्टेनलेस स्टीलसमोर एक आकडा लिहिलेला असला तरी पाइपची खरी उत्सर्जकता त्याच्या पॉलिशवर, पृष्ठभागावरील तेलाच्या थरावर, वेल्डिंगजवळच्या निळसर-सोनेरी डागांवर आणि वयावर अवलंबून असते. पॉलिश केलेल्या स्टीलची ०.१ ते ०.२ असेल, तर तापून काळवंडलेल्या त्याच स्टीलची ०.५ च्या वरही असू शकते. उत्सर्जकता ०.२० ठेवलेली असताना खरी ०.२५ असेल तर १४० अंशांच्या पाइपवर १५७ दिसतात, आणि खरी ०.१५ असेल तर १२० दिसतात. पाच शतांशांच्या फरकासाठी सतरा ते वीस अंशांची चूक होते. उलट, ०.९५ ठेवलेल्या गनने ०.९० उत्सर्जकतेचा रंग मोजला, तर तेवढ्याच पाच शतांशांसाठी चूक फक्त चार अंशांची होते.

त्याहून मोठी अडचण भोवतालची. बहुतेक साध्या गन परावर्तित तापमान स्वतःच्या शरीराच्या तापमानाइतके धरतात. आमच्या पाइपसमोर शेजारच्या गरम केटलचे जॅकेट आहे, त्यामुळे तिथला भोवताल सरासरी ४५ अंशांचा आहे असे धरू. उत्सर्जकता अचूक ०.२० ठेवली, तरी या एका कारणाने १४० ऐवजी १६० अंश दिसतील. रंगवलेल्या डागावर याच कारणाची चूक अर्ध्या अंशाहून कमी भरते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की उत्सर्जकता ०.३ च्या खाली ठेवायची वेळ येते त्या पृष्ठभागावर गनची सेटिंग बदलत बसू नये. पृष्ठभागच बदलावा.

आम्ही केलेला उपाय

ट्रॅपच्या अलीकडे प्रत्येक पाइपवर एक काळा डाग रंगवला. मोटारसायकलच्या सायलेन्सरला मारतात तो उष्णतारोधक, चमक नसलेला काळा स्प्रे रंग हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो आणि शेकडो अंशांपर्यंत टिकतो. वाफ बंद करून, पाइप गार झाल्यावर, डागाची जागा स्पिरिटने पुसून तेल काढले, बारीक पॉलिश पेपरने थोडी खरवडली आणि पाइपच्या घेराभोवती चार बोटे रुंदीचा पट्टा दोन पातळ हातांत मारला. रंग पूर्ण वाळू दिला, कारण ओला रंग वाफ सोडताच फुगतो आणि सोलतो. जाड थर मारू नये, कारण त्याची बाहेरची बाजू पाइपपेक्षा गार राहते.

आमचे काम खाद्यपदार्थांचे असल्यामुळे एक पथ्य कटाक्षाने पाळले. रंग केटलच्या उघड्या तोंडाजवळ किंवा त्याच्या वरच्या बाजूला कुठेही लावला नाही. सगळे पट्टे फलाटाखालच्या पाइपवर आहेत, जिथून सुटलेला रंगाचा पापुद्रा रसात पडू शकत नाही.

अनेक ठिकाणी विजेची काळी टेप चिकटवण्याचा सल्ला दिला जातो. तिची उत्सर्जकता ०.९५ च्या आसपास असते हे खरे, आणि साठ-सत्तर अंशांच्या पृष्ठभागावर ती छान काम करते. १४० अंशांच्या पाइपवर मात्र तिचा डिंक वितळतो, टेप आकसून उचलली जाते, आणि उचललेली टेप पाइपचे नव्हे तर स्वतःचे तापमान दाखवते. रंग लावायला परवानगी नसेल तिथे जास्त तापमान सोसणारी टेप घ्यावी, पण पारदर्शक सोनेरी पॉलिइमाइड टेपचा एकच पातळ थर उत्सर्जकतेच्या बाबतीत विश्वासार्ह नसतो, कारण ती थराच्या जाडीनुसार बदलते. ती वापरायचीच असेल तर शेजारी स्पर्श-प्रोबने एकदा पडताळावे.

आम्हीही पडताळले. के-प्रकारच्या थर्मोकपलचा पृष्ठभागाचा प्रोब काळ्या पट्ट्याशेजारी उघड्या पाइपवर उष्णतावाहक पेस्ट लावून बांधला आणि वरून ग्लास वूलचा छोटा तुकडा ठेवला. नुसता टेकवलेला प्रोब गोल पाइपला एका रेषेतच लागतो आणि हवेने गार होतो, म्हणून ही काळजी आवश्यक आहे. प्रोबने १३९ दाखवले, गनने काळ्या पट्ट्यावर १३८, आणि पट्ट्यापासून दोन बोटांवरच्या चकचकीत पाइपवर तीच गन ६५ दाखवत होती. फिटरला मी हे तीन आकडे एका रांगेत लिहून दाखवले, आणि त्याच्या मनातला ट्रॅपचा संशय तिथेच संपला.

अंतराची चूक

पट्टा रंगवल्यावरही एका पाळीत आकडा ९० च्या खाली आला. त्याचे कारण वेगळे होते. आमच्या गनवर १२:१ असे प्रमाण लिहिलेले आहे, म्हणजे ३० सेंटिमीटर अंतरावरून ती सुमारे २५ मिलिमीटर व्यासाचा गोल मोजते, आणि एक मीटरवरून ८० मिलिमीटरहून मोठा. एक इंची पाइपचा बाहेरचा व्यास साधारण ३३ मिलिमीटर असतो. ऑपरेटर उभ्यानेच दूरून मोजत होता, त्यामुळे गोलाचा अर्ध्याहून अधिक भाग मागच्या भिंतीवर पडत होता. लेसरचा ठिपका पट्ट्यावर आहे एवढ्यावर विसंबून राहता येत नाही, कारण लेसर मोजत नाही, तो फक्त दिशा दाखवतो, आणि अगदी जवळून मोजताना तो खऱ्या गोलापासून थोडा बाजूलाही पडतो. आम्ही १५ ते २० सेंटिमीटर अंतर ठरवले, गन पाइपला शक्यतो काटकोनात धरायची असे सांगितले, आणि हातमोजे सक्तीचे केले.

या रीडिंगवरून काय ठरवता येते आणि काय नाही

ट्रॅपच्या अलीकडचा काळा पट्टा वाफेच्या तापमानाच्या जवळ असेल तर त्या पाइपपर्यंत गार पाणी साचलेले नाही, एवढे नक्की म्हणता येते. मात्र ट्रॅप वाफ गळतो की नाही हे त्याच्या पलीकडच्या पाइपच्या तापमानावरून ठरवू नये. कंडेन्सेटची, म्हणजे वाफेपासून झालेल्या पाण्याची, परतीची लाइन हवेच्या दाबाला उघडी असेल, तर गरम पाणी ट्रॅपमधून बाहेर पडताच त्यातले थोडे पुन्हा वाफ होते आणि पलीकडचा पाइप १०० अंशांच्या आसपास येतो. ट्रॅप उत्तम चालत असला तरी असे होते आणि थेट वाफ गळत असली तरीही असेच होते. गळतीसाठी अल्ट्रासोनिक यंत्राने आवाज ऐकणे किंवा लाइनमध्ये साइट ग्लास, म्हणजे आतला प्रवाह दिसणारी काच, बसवून पाहणे, असे मार्ग आहेत. दाब पाहून तापमानाची अपेक्षा करतानाही लक्षात ठेवावे की सुरुवातीला जॅकेटमध्ये हवा अडकलेली असते आणि तेव्हा गेज ३ किलो दाखवत असूनही तापमान १४३ च्या खाली राहते. म्हणून वाफ सोडल्यावर दहा मिनिटे थांबून मगच नोंद घ्यावी.

वहीतील रकाना आता बदलला आहे. तिथे गेजचा दाब, काळ्या पट्ट्याचे तापमान आणि गनमधील उत्सर्जकता ०.९५ आहे याची खूण, अशा तीन नोंदी एकत्र होतात. पट्टे लावल्यानंतर पंधरवड्याने तिसऱ्या केटलवर दाब ३ किलो असताना पट्ट्याचे तापमान ८८ आले, तर बाकीच्या केटलवर ते १३७ ते १३९ होते. या वेळी कोणी गनला दोष दिला नाही. वाफ बंद करून, दाब उतरल्याची खात्री करून स्ट्रेनर खोलला, तर त्याची जाळी पाइपमधून आलेल्या गंजाच्या चुऱ्याने पूर्ण भरलेली होती. जाळी धुऊन बसवली, वाफ सोडली, आणि दहा मिनिटांनी पट्टा १३८ वर आला.